'झिरो कमिशन' की दीड टक्का कमिशन? १५०० युरो घ्यायचेत, हातात नक्की काय पडतं ते सांगा

नाशिकची_मेघा

नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितेय. ताईच्या बाळंतपणासाठी आई-बाबा पुढच्या महिन्यात म्युनिकला चाललेत, तीन महिने. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. बाकी खर्च ताई-भाऊजी बघणार आहेत पण बाबांचं म्हणणं आहे की जावयाच्या घरी दुधाच्या पिशवीलाही हात पसरायचा नाही, स्वतःचे पैसे स्वतःजवळ हवेत. तर १५०० युरो रोख घ्यायचं ठरलंय.

काल बाबांना घेऊन दोन दुकानांत जाऊन आले. पहिल्या ठिकाणी काचेवर मोठ्ठं 'झिरो कमिशन' लिहिलंय, रेट १०७.६०. दुसरं एक जुनं छोटं दुकान आहे, एकच ट्यूबलाइट आणि एकच काका. त्यांचा रेट १०४.९० पण दीड टक्का कमिशन. त्यांनी कॅल्क्युलेटरवर आकडे मारले आणि आमच्याकडे फिरवून दाखवला, पण तेवढ्यात बाबा उठले. म्हणाले जो कमिशन घेत नाही तो बरा. त्याच वेळी गूगलवर १०४ दाखवत होतं.

मला आतून वाटतंय की काकांकडेच स्वस्त आहे पण जीएसटी वगैरे धरून नीट मांडता येत नाहीये. कोणी हिशेब समजावून सांगेल का? बाबांना पटेल असा हवाय.

आबा_इचलकरंजी

बाबांचं बरोबर आहे. कमिशन घेतलं की त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो. झिरो कमिशनला कमिशनच नाही तर जीएसटी कशावर लागणार. डोळे झाकून पहिलं दुकान घ्या.

कौस्तुभ_पिंपरी

रोख कशाला नेता आजच्या काळात? झिरो मार्कअपवालं कार्ड काढा, म्हणजे बँक भावावर वर काही चढवत नाही, टॅप करा, विषय संपला. मी मागच्या वर्षी पंधरा दिवस युरोप फिरलो, खिशात ५० युरो होते ते पण परत आणले.

त्रिज्या

मेघा, मी साताऱ्याला शाळेत गणित शिकवते. नफा-तोट्याच्या धड्यात आम्ही जे मुलांना सांगतो तेच इथे कर. टक्के, कमिशन, रेट हे सगळं बाजूला ठेव आणि प्रत्येक दुकानाला एकच प्रश्न विचार, १५०० युरो माझ्या हातात ठेवायला माझ्याकडून एकूण किती रुपये घेणार? त्या आकड्याला १५०० ने भाग. जो भाव येतो तो खरा भाव. काचेवरचा भाव हा दुकानदाराने मांडलेला, हा तू काढलेला.

जुना_काउंटरवाला

त्रिज्याताईंनी मुद्द्यालाच हात घातला. मी पुण्यात चौदा वर्षं मनी चेंजरच्या काउंटरमागे काढलीत, त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगतो.

आमच्याकडे पैसे दोनच वाटांनी यायचे. एक वाट म्हणजे रेटमधला फरक, ज्याला आम्ही मार्जिन म्हणायचो. दुसरी वाट कमिशन. गिऱ्हाईकाला कमिशन दिसतं, मार्जिन दिसत नाही, म्हणून 'झिरो कमिशन'ची पाटी लावायची आणि सगळं मार्जिनमध्ये घालायचं. ह्यात बेकायदेशीर काही नाही, पाटी खोटीही नाही, कमिशन खरंच शून्य असतं. फक्त गिऱ्हाईक समजतो की खर्च शून्य आहे.

आता मेघाताईंचे आकडे. गूगलचा १०४ हा मधला भाव धरू, म्हणजे १५०० युरोची मूळ किंमत १,५६,०००.

पहिलं दुकान: १५०० गुणिले १०७.६०, झाले १,६१,४००. आबा, इथेच तुमचं अर्धं बरोबर आणि अर्धं चुकतंय. कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो हे खरं. पण कमिशन नसलं तरी चलन बदलण्याच्या व्यवहारावरच जीएसटी असतो, तो कोणालाच चुकत नाही. एक लाखापर्यंत तो रकमेच्या ०.१८ टक्के, कमीत कमी ४५ रुपये. लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत १८० रुपये आणि लाखावरच्या रकमेवर ०.०९ टक्के. इथे लाखावर ६१,४०० आहेत, त्याचे ५५ रुपये आणि वरचे १८०, म्हणजे साधारण २३५. एकूण १,६१,६३५.

दुसरं दुकान: १५०० गुणिले १०४.९०, झाले १,५७,३५०. त्यावर दीड टक्का कमिशन २,३६०. कमिशनवर १८ टक्के, ४२५. व्यवहारावरचा जीएसटी २३२. एकूण १,६०,३६७.

काकांकडे १,२६८ रुपये कमी लागतात. पहिल्याचा खरा भाव १०७.७६ पडतो आणि काकांचा १०६.९१. मधल्या भावाच्या वर पहिला ३.६ टक्के घेतोय, काका २.८ टक्के.

पण एक सांगतो, हे दोन्ही महाग आहेत. पंधराशे युरोला एवढं द्यायची गरज नाही.

आबा_इचलकरंजी

जीएसटी व्यवहारावरही असतो हे माहीत नव्हतं. पण गूगलचा भाव धरण्यात काय अर्थ आहे? तो भाव तुम्हाआम्हाला जन्मात मिळत नाही. मंडईत वांगी घेताना आपण शेतकऱ्याच्या बांधावरचा भाव धरतो का?

जुना_काउंटरवाला

मिळत नाही हे शंभर टक्के मान्य. तो बँकांचा आपसातला भाव, लाखो-कोटींच्या सौद्याचा. नोटा परदेशातून मागवायच्या, विमा उतरवायचा, तिजोरीत ठेवायच्या, दुकानाचं भाडं भरायचं, त्याचा खर्च असतोच. पण बांधावरचा भाव माहीत असला की मंडईतला माणूस वर किती लावतोय ते कळतं की नाही? तेवढ्यासाठीच तो धरायचा. नुसती दोन दुकानं तोलायची असतील तर त्याची गरजही नाही, एकूण रुपये तोलले की झालं.

आणि तो बघताना वेळही तीच हवी. सकाळी दुकानात विचारलं आणि रात्री घरी येऊन गूगल पाहिलं तर मधे भाव हललेला असतो. मेघाताईंनी तिथेच उभं राहून पाहिलं ते बरोबर केलं.

नाशिकची_मेघा

खूप खूप धन्यवाद! बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. 'एकूण किती घेणार' हे त्यांना लगेच पटलं. पण त्यांचा एक प्रश्न आहे, काकांच्या दीड टक्क्याची आणि त्या दुकानाच्या भावाची बरोबरी नक्की कुठे होते? म्हणजे ते झिरोवाले किती खाली आले तर तिथे घ्यायला हरकत नाही?

त्रिज्या

छान प्रश्न विचारलाय बाबांनी. दीड टक्का कमिशन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दीड गुणिले १.१८, झाले १.७७ टक्के. आता काकांच्या १०४.९० मध्ये हे १.७७ टक्के मिसळ, येतात १०६.७६. व्यवहारावरचा जीएसटी दोघांकडे जवळपास सारखाच आहे तो सोडून दे. म्हणजे पाटीवाले १०६.७५ किंवा त्याखाली आले तर ते स्वस्त, त्यावर असतील तर काका.

कुठलंही टक्केवारीचं कमिशन असं भावात मिसळून टाकता येतं. मग दोन्हीकडे एकाच जातीचे आकडे होतात.

सचिन_ठाणे

मस्त धागा. माझी मुलगी पण जर्मनीत शिकतेय. मी बँकेतून तिच्या विद्यापीठाची फी ६००० युरो पाठवली, बँकेने रेट लावला, वर चार्जेस घेतले, ते सगळं मी भरलं. आणि तिकडे पोचले ५९८२! विद्यापीठाने मेल केला की १८ युरो कमी आहेत, बाकी भरल्याशिवाय नाव पक्कं होणार नाही. हे कुठलं कमिशन? हे किती टक्के असतं?

म्युनिकची_रेणू

सचिनदादा, मेघा नोटांबद्दल विचारतेय, तुमची गोष्ट वेगळी आहे. पण सांगते, कारण माझंही असंच झालेलं. ते टक्क्यांत नसतंच. तुमची बँक आणि इकडची बँक यांच्यामध्ये अजून एखादी बँक असते, तिच्यातून पैसे जातात आणि ती आपली ठराविक रक्कम त्यातूनच कापून घेते. ६००० पाठवा नाहीतर ६०० पाठवा, कापणार साधारण तेवढेच. तुमच्या १८ युरोचे ६००० वर ०.३ टक्केच होतात, ६०० वर तेच ३ टक्के झाले असते.

फॉर्मवर चार्जेसचा रकाना असतो. तिथे OUR निवडलं तर सगळा खर्च पाठवणाऱ्याकडून आधीच घेतात आणि इकडे पूर्ण रक्कम पोचायला हवी. बहुतेक तुमच्या फॉर्मवर SHA टिक झालं असेल, म्हणजे खर्च दोन्ही बाजूंत वाटून. फी भरताना OUR च घ्या.

सचिन_ठाणे

फॉर्म काढून पाहिला, SHA च आहे! काउंटरवर कोणी विचारलंसुद्धा नाही. पुढच्या सेमिस्टरला लक्षात ठेवतो. आणि परदेशी पैसे पाठवताना आगाऊ घेतात त्या २० टक्के टीसीएस कराचं काय, तो पण कापतील का?

जुना_काउंटरवाला

सचिनराव, तुमच्या सहा हजार युरोला टीसीएस नाही. एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर गेलात तरच तो विषय येतो, आणि फीचा दर वेगळा आहे, सगळ्याला २० नाही. शिवाय तो कमिशनसारखा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता करता येतो. मेघाताईंना तर त्याचा काहीच संबंध नाही. इथे तो विषय नको काढूया, त्यावर वेगळा धागा होईल.

कौस्तुभ_पिंपरी

मी परत तेच म्हणेन. काका २.८ टक्के, पाटीवाला ३.६ टक्के. माझ्या कार्डावर मार्कअप शून्य. मग कशाला ही डोकेफोड?

म्युनिकची_रेणू

कौस्तुभ, तुझं कार्ड चांगलंच आहे आणि फिरायला येणाऱ्याला तेच घ्यायला सांगेन. पण हे दोघं सत्तरीच्या आसपासचे, तीन महिने एका घरात राहणार. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत कार्ड घेत नाहीत, शनिवारच्या भाजी बाजारात बऱ्याच जणांकडे नुसती रोख चालते. मग माणूस एटीएमकडे जातो आणि तिथे दोन गोष्टी घडतात.

पहिली, काही मशीन स्वतःचे वेगळे पैसे लावतात. माझ्या सासूबाईंनी स्टेशनवरच्या मशीनमधून काढले तेव्हा ४.९९ युरो लागले. ३०० काढले तर ते साधारण १.७ टक्के होतात, ५० काढले तर दहा टक्के. सासूबाईंनी ५०-५० करून चारदा काढलेले.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. मशीन विचारतं, रुपयांत वळते करू का? आणि रुपयांचा आकडा दाखवतं. ३०० युरोला ३३,९०० असं काहीतरी. आपल्या माणसाला रुपये दिसले की बरं वाटतं, हिरवं बटण दाबलं जातं. ३३,९०० भागिले ३००, म्हणजे ११३ चा भाव झाला की! १०४ च्या वर साडेआठ टक्क्यांहून जास्त. आणि तुझ्या झिरो मार्कअपचा तिथे काही उपयोग नाही, कारण भाव मशीनने लावला, तुझ्या बँकेने नाही. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हे विचारतात. नेहमी युरोच दाबायचं.

कौस्तुभ_पिंपरी

हे रुपयांचं बटण मीही एकदा दाबलेलं आहे, हॉटेलात. भाव कुठे गेला ते आज कळलं. तरी कार्ड सोबत असावंच या मतावर मी ठाम आहे.

आबा_इचलकरंजी

पेन्शनचं साधं डेबिट कार्ड चालतं का तिकडे?

जुना_काउंटरवाला

परदेशी वापर बँकेकडून सुरू करून घेतला तर चालतं, पण बऱ्याच साध्या कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप असतो आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. अडीअडचणीला ठीक.

पेडण्याचो_दर्यावर्दी

मी गोव्यातला, क्रूझवर कामाला आहे, सात महिने बोटीवर आणि मग घरी. आमचं उलटं असतं, आम्ही डॉलर आणतो आणि रुपये घेतो. माझी गोष्ट सांगतो कारण त्यात कमिशनही नव्हतं आणि बोर्डावरचा रेटही चांगला होता, तरी हातात कमी आले.

८०० डॉलर होते. बोर्डावर खरेदीचा रेट ८७.८०, त्या वेळी मधला भाव ९० होता. मी मनात ७०,२४० धरले. माणसाने नोटा मोजल्या आणि दोन गठ्ठे केले. शंभराच्या सहा नोटा एकीकडे, बाकी दोनशे डॉलर टीपचे, एकाच्या पाचाच्या नोटा, ते दुसरीकडे. म्हणाला छोट्या नोटांना ८४.५०. शंभराच्या नोटांचे ५२,६८०, छोट्यांचे १६,९००, वर जीएसटीचे १२५ कापले. हातात आले ६९,४५५. भागून बघा, एका डॉलरला ८६.८२ पडतात. बोर्डावरच्यापेक्षा एक रुपया कमी आणि मधल्या भावापेक्षा साडेतीन टक्के कमी.

आता मी बोटीवरच पैशांचा हिशेब बघणाऱ्या पर्सरकडे छोट्या नोटा देऊन शंभराच्या करून घेतो. तिथे फुकट बदलून मिळतात.

त्रिज्या

दर्यावर्दी, फार उपयोगी सांगितलंत. मी पुढच्या वर्षी सरासरीच्या धड्याला हेच उदाहरण घेणार आहे, शेंगदाणे आणि चण्यांच्या मिश्रणापेक्षा मुलांना हे जास्त आवडेल.

नाशिकची_मेघा

काकांकडे फोन केला. ते म्हणाले 'ताई, तुम्ही बजेट सांगा, मी कमिशन त्यातूनच कापून युरो देतो'. म्हणजे समजा ५०,००० दिले तर त्यातून दीड टक्का कापून उरलेल्याचे युरो. हे आणि वरून दीड टक्का लावणं एकच ना?

त्रिज्या

जवळपास एकच, पण अगदी एक नाही. ५०,००० तून दीड टक्का कापला तर ४९,२५० उरतात. आणि कमिशन वरून लावलं, म्हणजे युरोची किंमत अधिक दीड टक्का मिळून ५०,००० व्हायला हवेत, तर ५०,००० भागिले १.०१५, येतात ४९,२६१. फरक ११ रुपयांचा, कारण पहिल्यात कमिशन पूर्ण ५०,००० वर लागतं आणि दुसऱ्यात फक्त युरोच्या किमतीवर. (जीएसटी दोन्हीत धरला नाहीये.)

दीड टक्क्याला हे सोडून द्यावं. पण टक्का मोठा झाला की फरक दिसायला लागतो. कोणी दहा टक्के घेत असेल तर कापल्यावर ४५,००० उरतील आणि वरून लावल्यावर ४५,४५५. साडेचारशे रुपये नुसते 'कशावर टक्का' यावर फिरले. म्हणून टक्का किती हे विचारताना कशाचा टक्का हेही विचारावं.

विदुला_डोंबिवली

दहा टक्के कोण घेतं?

पेडण्याचो_दर्यावर्दी

विमानतळावर विमान सुटायच्या आधी दीड तास जाऊन विचारून बघा 🙂

जुना_काउंटरवाला

विमानतळावर जागेचं भाडंच तसं असतं आणि गिऱ्हाईकाला परत फिरायला वेळ नसतो, म्हणून तिथे मार्जिन मोठं. वर काही ठिकाणी ठराविक रकमेची प्रोसेसिंग फी. शंभर-दोनशे युरोला ती फी टक्क्यांत फार जड पडते.

आता मेघाताईंना, काय करायचं ते. सोमवार ते शुक्रवार, दुपारच्या आधी जा. शनिवार-रविवारी मुख्य बाजार बंद असतो, सोमवारी भाव कुठे उघडेल माहीत नसतं, म्हणून दुकानदार सुट्टीच्या दिवशी मार्जिन वाढवून ठेवतो. तीन-चार ठिकाणी फोन करा आणि एकच वाक्य बोला: '१५०० युरो नोटा, सगळं धरून एकूण किती?' त्यांना कळतं की समोरचा विचारपूस करतोय. मग दुसऱ्याचा आकडा सांगा. शंभर युरोवाल्याला आम्ही भाव सोडायचो नाही, पण हजाराच्या वर गेलं की सोडायला जागा असायची. भाव ठरला की तो किती वाजेपर्यंत धरून ठेवणार ते विचारा आणि मेसेजवर लिहून घ्या.

पैसे बँकेतून ट्रान्सफर करा, पन्नास हजार किंवा त्यावरच्या व्यवहाराला रोख रुपये चालत नाहीत. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन बरोबर ठेवा. पावती घ्याच. पावतीवर रेट, कमिशन, जीएसटी वेगवेगळं दिसतं, आणि उरलेले युरो परत विकताना ती लागते.

म्युनिकची_रेणू

आणि नोटा कुठल्या ते सांगा! ५०० ची नोट घेऊ नका. ती नवीन काढणं २०१९ मध्येच थांबलंय, कायद्याने चालते पण दुकानात कोणी हातात घेत नाही, आणि बँकेतही तिथे खातं नसेल तर त्रास. २०० ची नोट अजून निघते, पण दुकानात तिचीही तीच गत. ५० आणि २० च्या मागा. आई-बाबांना बेकरीत २० ची नोट देताना काही वाटणार नाही.

आबा_इचलकरंजी

छोट्या नोटांना रेट वेगळा लावतील ना मग? आत्ताच त्या गोव्याच्या पाव्हण्यांनी सांगितलं.

जुना_काउंटरवाला

चांगलं पकडलंत आबा. विकत घेताना ५०-२० च्या युरोला सहसा वेगळा भाव लावत नाहीत, स्टॉक असेल तर देतात. डॉलरच्या एक-पाचच्या नोटा परत विकताना मात्र लावतात, कारण त्या मोजायच्या, सांभाळायच्या आणि पुढे विकल्या जात नाहीत. तरी भाव ठरवतानाच 'पन्नास आणि वीसच्या नोटा' हे वाक्यात घालून टाका, म्हणजे काउंटरवर नवीन काही निघणार नाही.

विदुला_डोंबिवली

दुकानं आपसात ठरवून भाव लावत असतील तर फोन करून काय फायदा? आमच्याकडे तीन दुकानं एका ओळीत आहेत, तिन्हीकडे पैशापैशापर्यंत सारखा भाव सांगतात.

जुना_काउंटरवाला

विदुलाताई, तसं होत असेल. काही वेळा तिघांचा माल एकाच मोठ्या चेंजरकडून येतो म्हणून भाव सारखा असतो. मग दुसऱ्या गल्लीत किंवा तुमच्या बँकेत विचारा.

विदुला_डोंबिवली

बँकेत विचारलं, त्यांच्या शाखेत नोटाच नाहीत, कार्ड घ्या म्हणाले.

नाशिकची_मेघा

मंडळी, काम झालं! सगळं सांगते.

मंगळवारी सकाळी साडेदहाला बाबा स्वतः फोन घेऊन बसले, वही-पेन घेऊन. चार ठिकाणी फोन केले. प्रत्येकाला तेच वाक्य, 'पन्नास आणि वीसच्या नोटा, १५०० युरो, सगळं धरून एकूण किती'. पाटीवाल्यांनी आधी 'रेट १०७.४० आहे सर' असंच सांगितलं, बाबा म्हणाले मला रेट नको, एकूण सांगा. तिसऱ्या ठिकाणी १०५.७०, कमिशन नाही. गूगलवर तेव्हाही १०४ च्याच आसपास होतं.

काकांना परत फोन केला, त्यांनी कमिशन एक टक्क्यावर आणलं, पण तरी ते वरच राहिले. काका वाईट वाटून घेऊ नका असं बाबा त्यांना दोनदा म्हणाले.

तिसऱ्या दुकानात झालं ते असं: १,५८,५५० अधिक जीएसटी २३३, एकूण १,५८,७८३. म्हणजे एका युरोला १०५.८६, मधल्या भावाच्या वर १.८ टक्के. पहिल्या दुकानापेक्षा २,८५२ रुपये वाचले. काउंटरवर त्या मुलाने जाताजाता 'सर्व्हिस चार्ज दोनशे' म्हटलं, बाबांनी चष्मा लावून त्याला त्याचाच मेसेज दाखवला, 'सगळं धरून' असं त्यात लिहिलेलं होतं. त्याने काढून टाकला. २८ नोटा पन्नासच्या आणि ५ वीसच्या. बाबांनी तिथेच बसून दोनदा मोजल्या, मग आईने.

त्रिज्या

२८ पन्नासच्या म्हणजे १४०० आणि वीसच्या पाच म्हणजे १००, बरोबर. बाबांना माझा नमस्कार सांग.

नाशिकची_मेघा

आता एकच शंका राहिली. येताना दोन-तीनशे युरो उरले तर परत विकायचे की घरी ठेवायचे? बाबा म्हणतात विकून टाकू, आई म्हणते बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला परत जायचंच आहे, ठेवू.

जुना_काउंटरवाला

विकताना दुकानाचा खरेदीचा भाव लागेल. मधला भाव १०४ च राहिला तर समजा १००.५० मिळतील. ३०० युरोचे ३०,१५०, जीएसटी ५४ जाऊन ३०,०९६. तुम्ही ते १०५.८६ ने घेतलेत, म्हणजे ३१,७५८ ला. जाऊन-येऊन साधारण १,६६० रुपये गेले, पाच टक्क्यांच्या वर. आणि परत जाताना पुन्हा तेच देऊन घ्यायचे. दोन हजार डॉलरच्या किमतीपर्यंतचं चलन घरी ठेवायला परवानगी आहे, त्यावरचं असेल तर १८० दिवसांत परत करायचं. मी ठेवेन. नाणी मात्र तिकडेच संपवून या, इथे कोणी घेत नाही.

आबा_इचलकरंजी

ठेवा म्हणता, पण वर्षात युरो खाली आला तर? शिवाय ३० हजार कपाटात नुसते पडून. मुदत ठेवीत टाकले तर व्याज तरी मिळेल. मी बाबांच्या बाजूने.

जुना_काउंटरवाला

आबा, वर आला तर? ते कोणालाच सांगता येत नाही. पाच टक्के जाणार हे मात्र नक्की माहीत आहे, आणि वर्षाच्या व्याजाने ते जेमतेम भरून निघतील.

म्युनिकची_रेणू

किंवा उरलेले ताईला द्या आणि तिने बाबांच्या खात्यात रुपये टाकावेत, गूगलच्या भावाने. बाप-लेकीत कसलं आलंय कमिशन.

नाशिकची_मेघा

रेणू, हे वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले 'लेकीकडून पैसे घ्यायचे? मग जातानाच कशाला एवढे मोजून नेतोय!' आई हसतेय. उरलेल्याचं अजून ठरलेलं नाही. युरो सध्या आईच्या शिवलेल्या बटव्यात आहेत, पन्नासच्या एका कप्प्यात आणि वीसच्या वेगळ्या, आणि बटव्याला ती पावती टाचणीने लावून ठेवलीय.